मॅनेजरविरुद्ध तक्रार आली, उत्तरात काय लिहायचं?

“असं पुन्हा होणार नाही.”

किती साधं वाक्य आहे. तक्रार आली की घाईघाईत हेच लिहिलं जातं, आणि लिहिणाऱ्याला वाटतं, आपण समोरच्याला धीर दिला. पण यातला ‘पुन्हा’ बघा. ‘पुन्हा होणार नाही’ म्हणजे एकदा झालंय. चौकशी सुरू व्हायच्या आधीच तुम्ही कंपनीच्या लेटरहेडवर निकाल देऊन मोकळे झालात.

नमस्कार. मी कर्मचारी विभागात बरीच वर्षं काढली आहेत आणि अशी उत्तरं लिहिण्यात, दुसऱ्यांनी लिहिलेली दुरुस्त करण्यात माझा पुष्कळ वेळ गेलाय. आज फक्त एका पत्राबद्दल बोलू. कर्मचाऱ्याने लेखी तक्रार दिलीय की मॅनेजर अन्याय करतो, आणि तुम्हाला पहिलं उत्तर द्यायचंय. चौकशी अजून व्हायचीय. समोरच्याचं ऐकलंय हे त्याला कळलं पाहिजे, पण खरं काय घडलं हे तुम्हाला अजून माहीत नाही, त्यामुळे ते ठरवून टाकायचं नाही.

एक प्रकरण घेऊ. दोन-तीन प्रकरणं मिसळून मी ते तयार केलंय. ग्राहकसेवेच्या टीममधल्या एका कर्मचारी बाईंनी 18 मार्चला मेल केलाय. त्यांचं म्हणणं असं: गेल्या आठ आठवड्यांपैकी सहा आठवडे शनिवार-रविवारची ड्यूटी माझ्याच वाट्याला आली. रजेचे दोन अर्ज कारण न देता नामंजूर झाले. 12 मार्चच्या मीटिंगमध्ये मॅनेजर सगळ्यांसमोर मला म्हणाले, ‘तुला एवढंही जमत नाही.’ शेवटी एक ओळ आहे, ‘मला रात्री झोप लागत नाही.’

अशा मेलला दोन प्रकारची वाईट उत्तरं जातात. पहिलं भावनेच्या भरात लिहिलेलं.

(स्क्रीनवर पहिला मसुदा)

“मॅनेजरने तुम्हाला दिलेल्या अपमानास्पद वागणुकीबद्दल कंपनी दिलगीर आहे. आम्ही त्यांना समज देऊ.”

‘दिलेल्या वागणुकीबद्दल’ म्हणजे वागणूक दिली गेली, हे मान्य. ‘अपमानास्पद’ म्हणजे ती कशी होती, हेही मान्य. ‘समज देऊ’ म्हणजे शिक्षाही ठरली. आणि मॅनेजरला अजून कुणी एक शब्दही विचारलेला नाही! उद्या चौकशीत वेगळं काही निघालं, तर हेच पत्र तो मॅनेजर तुमच्यासमोर ठेवेल. तक्रारदाराचंच खरं निघालं, तरी तो म्हणेल की चौकशी नावापुरती होती, निर्णय आधीच झाला होता. म्हणजे ज्या बाईंची बाजू घ्यायला गेलात, त्यांचीच केस तुम्ही कच्ची केलीत.

दुसरं वाईट उत्तर वकिली थाटाचं.

(स्क्रीनवर दुसरा मसुदा)

“आपल्या कथित तक्रारीतील आरोप कंपनीला मान्य नाहीत. आपला काहीतरी गैरसमज झाला असावा.”

इथेही निकाल दिलाच आहे, फक्त उलट बाजूने. शिवाय ‘कथित तक्रार’ म्हणजे काय? तक्रार तर समोर आहे. कथित असलीच तर घटना. ‘गैरसमज’ हा शब्द तर मी या पत्रात कधीच येऊ देत नाही. तो वाचून माणूस तडक वकिलाकडे जातो, आणि मला त्यात त्याची चूक दिसत नाही.

मग मधली वाट कोणती? सगळी गोम क्रियापदात आहे. तीन वाक्यं बघा.

‘तुमच्यावर अन्याय झाला.’ ही झाली कबुली.

‘तुमच्यावर अन्याय झाला असं तुम्हाला वाटतंय.’ कबुली नाही, पण वाचणाऱ्याला ऐकू काय येतं? तुझ्या मनाचे खेळ आहेत. पुष्कळ लोक हे वाक्य सुरक्षित समजून वापरतात आणि पुढचा मेल दुप्पट तिखट येतो.

‘रजेचे दोन अर्ज कारण न देता नामंजूर झाले, असं तुम्ही नोंदवलं आहे.’ हे बरोबर. इथे तुम्ही त्यांच्या भावनेवरही बोलत नाही आणि घटनेवर शिक्काही मारत नाही. त्यांचं म्हणणं नेमक्या तपशिलासह परत मांडता, आणि ते त्यांचं म्हणणं आहे एवढंच सांगता. ‘नोंदवलं आहे’, ‘लिहिलं आहे’, ‘तुमच्या म्हणण्यानुसार’ यांपैकी काहीही चालेल. तपशील मात्र हवाच. ‘तुमच्या विविध मुद्द्यांची दखल घेतली आहे’ असं लिहिलंत, तर मेल पूर्ण वाचलाच नाही असा अर्थ निघतो.

आता दिलगिरीचं बघू. माफीला लोक फार घाबरतात. काही ठिकाणी कायद्यानेच ही भीती कमी केलीय. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात 2006 साली आणि हाँगकाँगमध्ये 2017 साली असे कायदे आले की दिवाणी दाव्यात नुसती माफी ही दोषाची कबुली धरली जात नाही. पण सगळीकडे असं संरक्षण नाही, म्हणून तुमच्याकडे काय आहे ते तुमच्या वकिलाला विचारा. मी स्वतः काय करतो सांगतो. परिणामाबद्दल सहानुभूती लिहितो, कृतीबद्दल माफी नाही. ‘तुम्हाला झोप लागत नाही हे वाचून वाईट वाटलं’ यात कोणाचीच चूक ठरत नाही, आणि ते खरंही असतं. ‘मॅनेजरमुळे तुम्हाला झोप लागत नाही’ यात कारण ठरतं. तो ‘मुळे’ चौकशीनंतरचा आहे.

तर आता पूर्ण उत्तर. 20 मार्चला, म्हणजे दोन दिवसांत गेलेलं.

(स्क्रीनवर पत्र, सावकाश वाचायचं)

“तुमचा 18 मार्चचा मेल मिळाला आणि मी तो पूर्ण वाचला. त्यात तुम्ही तीन गोष्टी नोंदवल्या आहेत. तुमच्या म्हणण्यानुसार, गेल्या आठ आठवड्यांपैकी सहा आठवडे तुम्हाला शनिवार-रविवारची ड्यूटी लागली, रजेचे दोन अर्ज कारण न देता नामंजूर झाले, आणि 12 मार्चच्या मीटिंगमध्ये तुमचे मॅनेजर सहकाऱ्यांसमोर तुम्हाला ‘तुला एवढंही जमत नाही’ असं म्हणाले. यात काही सुटलं असेल किंवा मला चुकीचं समजलं असेल तर कळवा.

तुम्हाला झोप लागत नाही हे वाचून वाईट वाटलं. आम्ही ही तक्रार गांभीर्याने घेतली आहे. चौकशी तुमच्या विभागाबाहेरच्या अधिकारी करतील. त्या 25 मार्चला तुम्हाला भेटतील. सोबत एका सहकाऱ्याला आणायचं असेल तर आणा. त्या तुमच्या मॅनेजरांची बाजूही ऐकतील आणि रोस्टर व रजेच्या नोंदी तपासतील. दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय मी कोणताही निष्कर्ष काढत नाही. निर्णय तुम्हाला 15 एप्रिलपर्यंत लेखी कळवू.

तोपर्यंत तुमचं रोस्टर आणि रजेचे अर्ज दुसरे अधिकारी बघतील. ही तात्पुरती व्यवस्था आहे, त्यातून कोणाची चूक ठरत नाही. तक्रार केली म्हणून तुम्हाला कोणी त्रास दिला, तर त्याच दिवशी मला कळवा. ही माहिती चौकशीसाठी ज्यांना लागेल त्यांनाच दिली जाईल.”

संपलं. यातल्या दोन-तीन गोष्टींवर थांबतो.

‘काही सुटलं असेल तर कळवा’ ही ओळ सौजन्याची वाटते, पण ती कामाची आहे. तक्रारीत नेमके किती मुद्दे, हे इथे लेखी ठरतं. नाहीतर तीन आठवड्यांनी निर्णय द्यायला बसलात की समोरून येतं, ‘मुख्य मुद्दा तर तुम्ही घेतलाच नाही.’

तात्पुरत्या व्यवस्थेत मी रोस्टरचा अधिकार हलवला, बाईंना नाही. घाबरलेली कंपनी नेमकं उलटं करते. तक्रारदारालाच दुसऱ्या टीममध्ये पाठवते आणि म्हणते, तुमच्या सोयीसाठी. बघणाऱ्याला ती शिक्षाच दिसते. त्यांनी स्वतः बदली मागितली असेल तर गोष्ट वेगळी, आणि ते मागणंही लेखी असू द्या.

गुप्ततेचं वाक्यही नीट बघा. ‘सगळं गुप्त राहील’ असं मी लिहिलेलं नाही, कारण ते खोटं ठरेल. मॅनेजरला निदान आरोप काय आहेत ते सांगावंच लागतं. तारखेचंही तसंच. पाळता येईल तीच द्या. लांबणार असं दिसलं तर ती तारीख उलटण्याआधी दोन ओळींचा मेल टाका. उत्तर मोघम असलं की माणूस चिडतो, पण तारीख टळली आणि कोणी बोललंच नाही की त्याचा विश्वास जातो.

काही जण पत्राच्या डोक्यावर ‘हक्कांना बाधा न येता’ असं छापतात आणि समजतात, आता काहीही लिहिलं तरी चालेल. ते शब्द तडजोडीच्या खऱ्या बोलण्यांसाठी असतात. साध्या तक्रारीच्या उत्तरावर ते छापून कबुली झाकली जात नाही. वाचणाऱ्याला एवढंच कळतं की तुम्ही आत्तापासून कोर्टाचा विचार करताय.

आणि जे कागदावर आहे ते नाकारू नका. रोस्टरमध्ये खरंच सहा आठवडे दिसत असतील आणि कोणी विचारलं, तर ‘रोस्टरच्या नोंदीत सहा आठवडे दिसतात’ असं लिहा. ती नोंद आहे. ती अन्यायामुळे झाली की टीममधले दोघे रजेवर होते म्हणून, हे चौकशी सांगेल. मुद्दाम लपवलेली नोंद नंतर बाहेर आली की मूळ तक्रारीपेक्षा मोठं प्रकरण होतं.

आता थोडं आडवळण. मी बघितलेल्या प्रकरणांत तक्रारदाराला गेलेलं पत्र बहुतेक वेळा ठीकठाक असतं. कंपनी अडकते ती आतल्या मेलमध्ये. वरिष्ठ तक्रार पुढे पाठवतात आणि वर एक ओळ टाकतात, ‘परत हिचं सुरू झालं, बघून घ्या.’ वाद कोर्टात गेला तर असे मेलही मागवले जाऊ शकतात, आणि मग सौजन्याने लिहिलेलं पत्र कोणी वाचत नाही. म्हणून पुढे पाठवताना एवढंच लिहा, ‘सोबत तक्रार, चौकशीसाठी.’ आणि ज्या मॅनेजरबद्दल तक्रार आहे त्याला या उत्तराची प्रत ठेवू नका. त्याला वेगळं पत्र जातं. या उत्तरावर त्याची किंवा त्याच्या हाताखालच्या कोणाची सहीही नको.

हे पत्र कुठे चालत नाही, तेही सांगतो. तक्रारीत लैंगिक छळ, मारहाण, जात-धर्म-लिंगावरून भेदभाव किंवा जिवाला धोका असं काही असेल, तर हा साचा बाजूला ठेवा. तिथे कायद्याची वेगळी पद्धत आणि वेगळ्या मुदती असू शकतात. आधी वकिलाला फोन, मग पत्र.

आणि आपल्या प्रकरणाचं पुढचं पत्र, 15 एप्रिलचं. समजा नोंदी आणि साक्षी बघून ठरलं की रजेचे अर्ज खरंच कारण न देता नाकारले गेले, मीटिंगमधलं वाक्य दोघांनी ऐकलं, पण रोस्टर सुट्ट्यांमुळे तसं लागलं होतं. आता ‘तुमच्या म्हणण्यानुसार’ची गरज संपली. आता सरळ लिहायचं: “रजेच्या दोन्ही अर्जांवर कारण देणं आवश्यक होतं, ते दिलं गेलं नाही. मीटिंगमधलं वाक्य बोललं गेलं होतं आणि ते योग्य नव्हतं. या दोन्हींबद्दल आम्ही तुमची माफी मागतो. रोस्टरबाबत तुमची तक्रार आम्हाला ग्राह्य वाटली नाही. त्याची कारणं आणि त्या आठ आठवड्यांचं रोस्टर सोबत जोडलं आहे. हा निर्णय मान्य नसेल तर अपील कोणाकडे आणि कधीपर्यंत करायचं, तेही खाली दिलं आहे.”