दारूबंदीच्या जिल्ह्यातली एसआयपी

(वर्धा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, वर्धा जिल्ह्यात सत्तरच्या दशकापासून दारूबंदी आहे. गडचिरोलीत ती १९९३ मध्ये आली, आणि ती आणायला गावोगावच्या बाया रस्त्यावर उतरल्या होत्या. त्याच घरांमधून आज म्युच्युअल फंडात दर महिन्याला दोन-तीन हजारांची एसआयपी, म्हणजे ठरलेला हप्ता, जाते. तो पैसा पुढे कोणत्या कंपन्यांच्या शेअरमध्ये बसतो, हे मात्र फार थोड्यांनी पाहिलेलं असतं. साधा निफ्टी ५० चा इंडेक्स फंड, म्हणजे पन्नास मोठ्या कंपन्यांच्या त्या यादीप्रमाणेच पैसा लावणारा फंड घेतला, तरी अलीकडच्या काही वर्षांत त्यातल्या शंभरातले तीनेक रुपये आयटीसीत आहेत, म्हणजे सिगारेट हा मोठा धंदा असलेल्या कंपनीत. एवढंच कशाला, आयटीसीचे सुमारे १५ टक्के शेअर एलआयसीकडे आहेत. म्हणजे पॉलिसीचा हप्ता भरणाराही आडून तिथे पोचलेलाच आहे.

आता कुणी म्हणेल, सोपं आहे, नावात ‘ईएसजी’ असलेला फंड घ्या. ईएसजी म्हणजे पर्यावरण, समाज आणि कंपनीचा कारभार या तीन कसोट्या. पण इथेच पहिली ठेच लागते. एमएससीआय ही जागतिक मूल्यांकन संस्था आयटीसीला ‘एए’ असा वरचा दर्जा देत आली आहे, कारण पाणी, वनीकरण, कचरा यांत कंपनीचं काम चांगलं मोजलं जातं. उलट निफ्टी १०० ईएसजी निर्देशांकातून आयटीसी बाहेर आहे, कारण त्या निर्देशांकाच्या नियमांत तंबाखू, दारू, जुगार आणि वादग्रस्त शस्त्रं यांना मनाई आहे. दोन्ही जागी शब्द तोच, निकाल उलटा. पहिली पद्धत विचारते की कंपनी आपला धंदा कसा करते. दुसरी विचारते की धंदा कशाचा करते. खर्रा आणि सिगारेटमुळे तोंडाचा कर्करोग झालेली माणसं ज्यांनी घरात पाहिली, त्यांचा प्रश्न दुसरा आहे. त्यांनी पहिल्या पद्धतीचा फंड घेतला, तर फसवणूक कुणी केलेली नसते, पण मनासारखं झालेलंही नसतं.

बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने जुलै २०२३ मध्ये याबाबत एक चांगलं काम केलं. ईएसजी फंडांच्या सहा पद्धती ठरवून दिल्या आणि कोणती पद्धत वापरता ते योजनेच्या नावातच लिहायला लावलं. त्या पद्धतीत किमान ८० टक्के पैसा बसला पाहिजे, असंही सांगितलं. म्हणून आता एसबीआयच्या योजनेच्या नावात `Exclusionary Strategy` दिसतं आणि क्वांटमच्या योजनेत `Best In Class Strategy`. पहिल्याचा अर्थ, काही धंदे वगळले. दुसऱ्याचा अर्थ, त्या त्या क्षेत्रातल्या त्यातल्या त्यात चांगल्या कंपन्या निवडल्या. ही नावं उदाहरण म्हणून सांगतोय, घ्या म्हणून नाही.

नावावर थांबू नका. आधी घरात बसून कागदावर आपली यादी लिहा, आणि ती तीन ओळींपेक्षा मोठी करू नका. समजा, एका शिक्षक दांपत्याची यादी अशी आहे: दारू नको, तंबाखू नको, कोळसा नको. वणी-चंद्रपूरकडचं कुणी असेल तर तिसरी ओळ का आली हे वेगळं सांगायला नको. मग फंड कंपनीच्या संकेतस्थळावर जाऊन त्या योजनेचा महिन्याचा पोर्टफोलिओ, म्हणजे पैसा कुठे कुठे लावला त्याची यादी, उतरवून घ्यायचा. महिना संपल्यावर दहा दिवसांत तो जाहीर करणं बंधनकारक आहे. ती एक्सेल फाइल असते. त्यात कंपनीचं नाव, उद्योग आणि `% to NAV` असे रकाने असतात. शेवटचा रकाना म्हणजे तुमच्या शंभर रुपयांतले किती रुपये त्या कंपनीत आहेत.

उद्योगाच्या रकान्यात शोधताना एक खड्डा आहे, तो लक्षात ठेवा. फाइलमध्ये tobacco असं शोधलं तर आयटीसी सापडणारच नाही. तिची नोंद `Diversified FMCG` या उद्योगाखाली असते, साबण विकणाऱ्या कंपनीसोबत. दारूच्या कंपन्या `Beverages` मध्ये येतात, पण त्याच नावाखाली शीतपेयांच्याही येतात. कोळसा `Consumable Fuels` मध्ये, आणि कोळशावर वीज करणाऱ्या कंपन्या `Power` मध्ये, पवन आणि सौर ऊर्जेवाल्यांसोबत. म्हणून उद्योगाचं नाव फक्त शोधायला वापरा. निकाल कंपनीचं नाव वाचूनच लावा. साठ-सत्तर नावं असतात, तासाभरात होतं. आपल्याकडच्या लोकांना विशेष सांगण्यासारखं म्हणजे, कीटकनाशकं बहुतेक वगळण्याच्या यादीत नसतात. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. ज्यांना त्यामुळे या धंद्यात पैसा नको असेल, त्यांनी `Fertilizers & Agrochemicals` या उद्योगाखालची नावं स्वतः पाहावीत. ते काम फंड तुमच्यासाठी करेल असं धरू नका.

दुसरा कागद म्हणजे योजनेचं माहितीपत्रक, ज्याला एसआयडी म्हणतात. त्यात वगळण्याची मर्यादा लिहिलेली असते. ‘दारूच्या कंपन्या वगळू’ आणि ‘दारूतून पाच टक्क्यांहून जास्त उत्पन्न असलेल्या कंपन्या वगळू’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. दुसऱ्यात बार चालवणारी हॉटेल कंपनी बसू शकते. मला विचाराल तर अशा लहान टक्क्यावरून फंड सोडू नये. पण तो निर्णय माहीत असून घेतलेला असावा.

बँकांबद्दल मात्र थोडं थांबून बोलायला हवं. ईएसजी फंडांत बँका आणि सॉफ्टवेअर कंपन्या भरपूर दिसतात. कारण त्यांच्या स्वतःच्या इमारतींतून धूर निघत नाही, मग गुण चांगले मिळतात. बँक कर्ज कुणाला देते, त्यात औष्णिक वीज केंद्र आहे का, हे पोर्टफोलिओच्या फाइलमध्ये दिसत नाही. कोळशाला नकार देणाऱ्या त्या शिक्षक दांपत्याची यादी इथे अर्धीच पाळली जाते. बँकाच नको म्हटलं, तर टाटा एथिकलसारखे शरियतच्या नियमांवर चालणारे फंड आहेत. ते कुणालाही घेता येतात, त्यासाठी धर्माची अट नाही. व्याजावर चालणारे धंदे, दारू, तंबाखू, जुगार त्यात नसतात. पण त्याची किंमत समजून घ्या. निफ्टी ५० मध्ये जवळपास तिसरा हिस्सा बँका आणि वित्त कंपन्यांचा आहे. तो हिस्सा वर जाईल त्या वर्षी असा फंड मागे पडेल. औषध आणि सॉफ्टवेअर कंपन्या वर जातील, जसं २०२० मध्ये झालं, तेव्हा तो पुढे दिसेल. हा फरक व्यवस्थापकाच्या हुशारीचा कमी आणि यादीतून काय वगळलं याचा जास्त असतो. म्हणून एका वर्षाचा परतावा पाहून असा फंड घेऊ नये आणि एका वर्षाचा परतावा पाहून तो सोडूही नये.

आता खर्च. इथे आपल्या भागात सगळ्यात जास्त पैसा जातो, आणि तो कुठल्याही पावतीवर दिसत नाही. प्रत्येक योजनेच्या दोन शाखा असतात, रेग्युलर आणि डायरेक्ट. शेअर तेच, व्यवस्थापक तोच. रेग्युलरमधून वितरकाचं कमिशन दरवर्षी कापलं जातं, अगदी रोजच्या रोज एनएव्हीतून, म्हणजे युनिटच्या भावातून. नियम असा आहे की फंड लहान, तितकी खर्चाची मुभा जास्त. ईएसजी फंड बहुधा लहानच असतात, म्हणून दोन शाखांतला फरक एक टक्क्याच्या आसपास सहज जातो.

एक टक्का कमी वाटतो, म्हणून गणित करून पाहू. महिन्याला २,००० रुपये, १५ वर्षं. भरलेले एकूण ३,६०,०००. खर्च वजा जाता डायरेक्टला वर्षाला ११ टक्के आणि रेग्युलरला १० टक्के मिळाले असं धरू. हे धरलेले आकडे आहेत, हमी नाही. दर महिन्याच्या चक्रवाढीने डायरेक्टचे होतात सुमारे ९,१८,००० आणि रेग्युलरचे सुमारे ८,३६,०००. फरक ८१-८२ हजारांचा. म्हणजे भरलेल्या रकमेच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त. त्या बदल्यात वितरक कागद सांभाळतो, वारसाचं नाव लावून देतो, बाजार पडल्यावर घाबरून विकू देत नाही, तर काहींना ते योग्य वाटेल. पण तालुक्याच्या बँकेतल्या टेबलावर एकदा सही घेऊन नंतर कुणी फिरकलंच नसेल, तर तुम्ही १५ वर्षं कशाचे पैसे देताय?

तुमची शाखा कोणती, हे खात्याच्या उताऱ्यावर योजनेच्या नावातच लिहिलेलं असतं: `Regular` किंवा `Direct`. खर्चाचं प्रमाण फंड कंपनी रोज संकेतस्थळावर टाकते. ते पाहताना शेजारी एक साधा निफ्टी इंडेक्स फंड ठेवा. त्याची डायरेक्ट शाखा बहुतेक पाव टक्क्याच्या आत असते. मूल्यं पाळणाऱ्या फंडाची डायरेक्ट शाखा समजा एक टक्क्याला पडली, तर वरचा पाऊण टक्का ही तुमच्या यादीची वर्षाची किंमत. ती परवडते का, हे आता तुम्हाला ठरवता येईल. स्वस्त मार्ग हवा असेल तर ईएसजी निर्देशांकावर चालणारे ईटीएफ, म्हणजे शेअरसारखे बाजारात घेता-विकता येणारे फंडही आहेत. त्यासाठी डिमॅट खातं लागतं, आणि त्यांची खरेदी-विक्री फार कमी होते. बाजारभावाने ऑर्डर टाकली तर खऱ्या किमतीपेक्षा जास्त मोजावे लागतात. त्यामुळे आधी चालू एनएव्ही पाहून त्याच्या जवळची मर्यादा घालूनच ऑर्डर द्यावी.

परतावा कुणाशी ताडायचा, यातही चूक होते. ईएसजी फंड स्वतःची तुलना ईएसजी निर्देशांकाशी करतो, आणि ते नियमाला धरूनच आहे. पण तुमच्यापुढचा दुसरा पर्याय साधा फंड होता. म्हणून निफ्टी १०० शीही ताडा, आणि तोही लाभांश धरलेला, म्हणजे टीआरआय असलेला आकडा घ्या. नाहीतर लाभांशाचा वर्षाकाठचा टक्का-सव्वा टक्का निर्देशांकाच्या हिशेबातून गळतो आणि फंड उगाच हुशार दिसतो.

शेवटचं, ज्यांची रेग्युलरमध्ये आधीच रक्कम आहे त्यांच्यासाठी. तिथून डायरेक्टमध्ये जाणं हे कायद्याने विकून पुन्हा घेणं आहे. एक वर्षाच्या आत बरेच फंड एक टक्का एक्झिट लोड, म्हणजे लवकर काढल्याबद्दलची कपात, लावतात, आणि प्रत्येक हप्त्याचं वर्ष वेगळं मोजतात. वर्षाहून जुन्या युनिटवरचा नफा एका आर्थिक वर्षात सव्वा लाखापर्यंत करमुक्त आहे, त्याहून वरच्या नफ्यावर साडेबारा टक्के कर. वर्षाच्या आतल्या नफ्यावर मात्र वीस टक्के. म्हणून आधी चालू एसआयपी रेग्युलरमध्ये बंद करून डायरेक्टमध्ये सुरू करा. जुन्या युनिटांपैकी ज्यांना वर्ष झालं तेवढीच हलवा, आणि नफा सव्वा लाखाच्या वर जात असेल तर काही मार्चमध्ये, उरलेली एप्रिलमध्ये.