पाळी थांबते तेव्हा मेंदूत काय घडतं

(दृश्य : वहीचं शेवटचं पान. तारखांची उभी रांग. शेवटच्या तारखेखाली पान कोरं.)

वहीच्या मागच्या पानावर ती पाळीच्या तारखा लिहून ठेवते. शाळेपासूनची सवय. कधी अठ्ठावीस दिवसांनी, कधी एकतीस, फार मागेपुढे कधीच नाही. आणि मग एका तारखेखाली काहीच नाही. पाच महिने झाले.

ही मुलगी आम्ही या निवेदनासाठी रचली आहे, पण तिची कहाणी स्त्रीरोगतज्ज्ञांना नवी नाही. वय 20, उंची 160 सेंटिमीटर, कॉलेजचं दुसरं वर्ष. परीक्षेच्या धास्तीनं झोप चार-पाच तासांवर आलेली. आधी अभ्यासाच्या नादात जेवण राहून जायचं. मग वजन उतरलेलं बरं वाटलं, म्हणून तिनं मुद्दामच खाणं कमी केलं आणि रोज पळायला लागली. चार महिन्यांत वजन 56 किलोंवरून 47 किलोंवर आलं. सगळे म्हणाले, छान बारीक झालीस. हात सतत गार पडतात, केस गळतात, बसल्या जागी नाडी मिनिटाला पन्नासच्या आत असते, हे कुणी विचारलंच नाही.

नियमित येणारी पाळी तीन महिने आली नाही की तपासणी करायची, आणि त्यातली पहिली तपासणी गर्भधारणेची. ती नाही असं कळलं. मग सोनोग्राफी झाली. बीजांडकोशात बारीक बारीक पुटिका दिसल्या आणि कुणीतरी म्हणून गेलं, ‘पीसीओएस दिसतंय, वजन कमी कर.’ पीसीओएस म्हणजे संप्रेरकांचा तोल बिघडून पाळी अनियमित होण्याचा विकार.

इथे जरा थांबू या, कारण मुलींचं खरं नुकसान या वळणावर होतं. मेंदूकडून हुकूम येईनासा झाला की स्त्रीबीजांच्या पुटिका अर्धवट वाढून तशाच थांबतात. सोनोग्राफीत हे चित्र पीसीओएससारखं दिसू शकतं. पण पीसीओएसच्या अनेक बायकांना वजन उतरवायचा सल्ला देतात, आणि हिची पाळी तर वजन उतरल्यामुळेच गेली आहे. एका चित्रावरून उपचार ठरला, तर नेमका उलटा उपचार होतो.

(दृश्य : मेंदूचा उभा छेद. तळाशी एक छोटा भाग हळूच उजळतो.)

मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा, बदामाएवढा भाग आहे. भूक, तहान, शरीराचं तापमान तोच सांभाळतो. त्यातल्या जेमतेम हजार-दीड हजार पेशी जीएनआरएच नावाचं संप्रेरक तयार करतात. ते सतत झिरपत नाही, ठोक्याठोक्यानं सुटतं. पाळीनंतरच्या पहिल्या पंधरवड्यात साधारण दर तास-दीड तासाला एक ठोका पडतो. प्रत्येक ठोक्याला खालची पिट्युटरी ग्रंथी एलएच आणि एफएसएच ही दोन संप्रेरकं रक्तात सोडते, त्यांच्या जोरावर स्त्रीबीज पिकतं, बीजांडकोश इस्ट्रोजेन तयार करतो आणि गर्भाशयाचं अस्तर जाड होतं.

ठोक्यालाच एवढं महत्त्व का, हे शरीरक्रियाशास्त्रज्ञ अर्न्स्ट नोबिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1978 मध्ये दाखवून दिलं. ज्यांच्या मेंदूतून जीएनआरएच येणं बंद झालं होतं अशा माकडिणींना त्यांनी ते बाहेरून दिलं. तासातून एकदा, काही मिनिटंच दिलं, तर पिट्युटरीचं काम पुन्हा सुरू झालं. तेच संप्रेरक अखंड देत राहिले, तर पिट्युटरी गप्प झाली. म्हणजे औषध तेच, फरक फक्त ठेक्याचा.

आपल्या विद्यार्थिनीचा हा ठेका मंदावला आहे. तासागणिक पडणारे ठोके आता कितीतरी तासांच्या अंतरानं पडतात. ठोके विरळ झाले की एलएच जास्त उतरतं, एफएसएच त्या मानानं टिकून राहतं. म्हणून रक्ताचा रिपोर्ट पाहणारा ‘सगळं नॉर्मल’ म्हणू शकतो. पण एलएच अगदी तळाला आणि इस्ट्रोजेन वयात येण्याआधीच्या मुलीइतकं, हे दोन्ही एकत्र ठेवून वाचलं की गोष्ट उघड होते. अस्तर जाडच झालेलं नाही, मग गळून जाणार काय?

आता प्रश्न असा की मेंदू ठेका का सोडतो. तो वजनकाट्यावरचा आकडा पाहत नाही. आलेल्या उष्मांकांतून व्यायामाचा खर्च वजा जाता बाकी शरीरासाठी काय उरलं, हे तो पाहतो. हिचाच हिशोब मांडू. दिवसाला खाणं 1300 कॅलरी, पळण्यात गेल्या 300, उरल्या 1000. चरबी वगळून तिच्या शरीराचं वजन साधारण 38 किलो. म्हणजे किलोमागे 26 कॅलरी. निरोगी तरुणींवरच्या प्रयोगांत, हा आकडा 30 च्या खाली ठेवल्यावर अवघ्या पाच दिवसांत एलएचचे ठोके विरळ झाले होते. अर्थात 30 ही काही सगळ्यांसाठी आखलेली रेघ नाही, कुणाची पाळी त्याच्या वरही जाते.

ही बातमी मेंदूपर्यंत पोचवणाऱ्यांपैकी एक म्हणजे लेप्टिन. ते चरबीच्या पेशींतून येतं, आणि खाणं तुटलं की चरबी संपायच्या आधीच झपाट्यानं उतरतं. जीएनआरएचच्या पेशींना हाक मारणाऱ्या शेजारच्या किसपेप्टिन पेशी मग शांत होतात. ताणाचाही हात त्यात असतो. ताणाची संप्रेरकं याच यंत्रणेला दाबतात. खाणं पुरेसं असताना परीक्षेचं टेन्शन बऱ्याच जणी निभावून नेतात, पण कमी खाणं, पळणं आणि ताण एकावर एक चढले की यंत्रणा हात टेकते.

मात्र हे निदान इतर कारणं बाजूला सारूनच करता येतं. म्हणून थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन हे पिट्युटरीचंच आणखी एक संप्रेरक तपासतात. सोबत सततची डोकेदुखी किंवा नजरेत फरक असेल, तर मेंदूचा एमआरआय काढतात. आणि ताटातलं अन्न बघून भीती वाटते का, हेही हळुवारपणे विचारावं लागतं.

यावर पुष्कळदा गर्भनिरोधक गोळ्या सुरू होतात आणि महिन्याला रक्तस्राव येतो. घरच्यांना वाटतं, आली पाळी. पण तो रक्तस्राव गोळीतल्या संप्रेरकांचा, मेंदूतला ठेका तसाच थांबलेला. गोळी हाडांनाही वाचवत नाही, आणि मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती हाडांची. हाडं भरून घ्यायचं वय विशीतच संपत येतं. त्याच वर्षांत इस्ट्रोजेन नसलं, तर हाडं भरायची सोडून झिजू लागतात, आणि ते दुखत नाही, म्हणून कळतही नाही. पाळी सहा महिने बंद असेल तर हाडांची घनता मोजून घेतात.

(दृश्य : पुन्हा तीच वही.)

तिनं पळणं थांबवलं. आहारतज्ज्ञांच्या मदतीनं खाणं 2200 कॅलरींच्या वर नेलं, आणि त्यापेक्षा अवघड, समुपदेशकाशी दर आठवड्याला बोलायला लागली. पहिल्या दोन महिन्यांत वजन वाढलं, पाळी आली नाही. या काळात बऱ्याच जणी घाबरून पुन्हा खाणं तोडतात. पण त्याआधी दुसऱ्या गोष्टी परत येतात. हिचे हात गार पडेनासे झाले, नाडी साठाच्या वर गेली. वजन 55 किलो झाल्यावर, सातव्या महिन्यात, एका सकाळी रक्ताचा डाग दिसला. म्हणजे दोनेक आठवड्यांपूर्वी बीज सुटलं होतं, काही कळू न देता. पाळी यायच्या आधीही गर्भ राहू शकतो तो याचमुळे.

तिनं वहीत तारीख लिहिली. पुढची पाळी 41 दिवसांनी आली, त्यापुढची 34.