गोळ्या चालू असताना तळहात आणि तळपाय

कॅपेसिटाबिनच्या गोळ्या चालू असलेले बरेच जण इथे आहेत. आतड्याच्या किंवा स्तनाच्या कॅन्सरसाठी ही गोळी बहुधा १४ दिवस सकाळ-संध्याकाळ जेवणानंतर घ्यायची आणि मग ७ दिवस सुट्टी, अशा फेऱ्यांनी देतात. केस फारसे गळत नाहीत, त्यामुळे घरच्यांना औषध सौम्य वाटतं. त्रास निघतो तो तळहात-तळपायांवर.

आधी मुंग्या येतात, चुरचुरतं, गरम भांडं नेहमीपेक्षा जास्त पोळतं. गोऱ्या कातडीवर लाली उठून दिसते. आपल्याकडे पुष्कळदा तळवे काळपट पडतात, म्हणून रंगाची वाट पाहू नका. मग कातडी सुटते, भेगा पडतात.

माझ्या एका पेशंट बाई रोज भाकऱ्या थापायच्या. दुसऱ्या फेरीत त्यांना परात धरवेना, चप्पल घालवेना. तरीही त्या बोलल्या नाहीत, कारण डॉक्टर गोळी बंद करतील आणि आजार वाढेल अशी धास्ती होती. ही धास्ती मला फार जणांत दिसते. दुखण्यामुळे रोजची कामं अडू लागली की त्याच दिवशी फोन करायचा. डॉक्टर गोळ्या काही दिवस थांबवतात, हात निवले की पुन्हा सुरू करतात, लागलं तर डोस थोडा कमी करतात. राहिलेल्या गोळ्या नंतर भरून काढायच्या नाहीत. गोळ्या थांबवल्यावर या बाईंचा त्रास उतरला आणि उपचार पूर्ण झाले.

घरी काय करायचं? १० टक्के युरियाचं क्रीम पहिल्या गोळीपासूनच, दिवसातून दोन-तीनदा आणि हात धुतल्यावर, नुसतं टेकवून लावा, चोळू नका. भेग उघडी असेल तर युरिया झोंबतं, तेव्हा तिथे साधं व्हॅसलिन. रात्री वरून सुती मोजे घाला. आग होत असेल तर गार पाण्यात हात-पाय दहा-पंधरा मिनिटं ठेवा. बर्फ थेट लावू नका. भांडी, धुणं, भाकरी हे घासण्या-पोळण्याचं काम या दिवसांत दुसऱ्या कुणी करावं. पायांना मऊ, सैल चप्पल हवी, अनवाणी चालणं नको.

दिल्लीच्या एम्समध्ये झालेल्या एका चाचणीत हातांना १ टक्का डायक्लोफेनॅक जेल रोज दोनदा लावलं, तेव्हा मध्यम ते तीव्र त्रास १५ टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या आसपास आला. आपल्या डॉक्टरांना त्याबद्दल जरूर विचारा, पण फुटलेल्या कातडीवर ते लावू नका. व्हिटॅमिन बी-६ च्या गोळ्या बरेच जण घेतात. चाचण्यांत त्यांचा ठोस उपयोग दिसलेला नाही.

फोड आले, पू दिसला किंवा ताप १०० च्या वर गेला, तर घरगुती काही करत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा.

एक गोष्ट कुणी सांगत नाही. कातडी सुटल्यावर बोटांचे ठसे पुसट होतात आणि रेशन दुकानात किंवा बँकेत अंगठा लागत नाही. डॉक्टरांकडून तसं पत्र लिहून घ्या आणि आधारला मोबाइल नंबर जोडून ठेवा, म्हणजे जिथे ओटीपीची सोय असेल तिथे काम अडणार नाही.