काम तिघांचं, माणसं पाच

नमस्कार मंडळी. आज शेतीचा हिशोब मांडायचाय, पण पिकाचा नाही, माणसांचा. आपल्याकडे सहज म्हणतात ना, शेतीत माणसं जास्त झालीत, त्यांना कारखान्यात न्या. पण जास्त झालीत म्हणजे नक्की किती आणि कधी, आणि ती निघाली तर खरंच कुठं जातात, हे कुणी नीट सांगत नाही.

तर एक घर धरूया. मराठवाड्यातलं, कोरडवाहू पाच एकर, सोयाबीन, त्यात तूर, बांधाकडेला थोडा कापूस आणि दोन म्हशी. कामाची माणसं पाच, आई, वडील, दोन भाऊ आणि थोरल्याची बायको. बी, खत, फवारणी, पेंड सगळं वजा जाऊन वर्षाला दीड लाख हातात राहतात असं समजा. हा आकडा मी हिशोबापुरता धरलाय, तुमच्या घरचा वेगळा असेल. पाच जणांत दीड लाख, म्हणजे माणशी तीस हजार. आता धाकटा पुण्याला गेला. शेतीचं उत्पन्न किती कमी होईल? तीस हजारांनी? अजिबात नाही. वडील थोडे जास्त राबतील, वहिनी म्हशीचं बघेल, काढणीला चार गडी रोजानं लावावे लागतील, आणि उत्पन्न फार तर पाच हजारांनी घटेल. म्हणजे हा पोरगा घरात खात होता तीस हजारांचा वाटा आणि त्याच्यामुळं पीक वाढत होतं पाच हजारांचं. तो आळशी होता असं नाही हं, सकाळपासून शेतातच असायचा, पण तिघांचं काम पाच जण वाटून करत होते. याला म्हणायचं छुपी बेकारी. सरकारच्या पाहणीत कुणी विचारलं तर तो बेकार म्हणून मोजलाच जाणार नाही, शेतात काम करतो असंच लागेल.

सर आर्थर लुईस, कॅरिबियनमधल्या सेंट लुशिया बेटावरचे, त्यांनी १९५४ साली या गोष्टीवर एक निबंध लिहिला आणि विकासाचं अर्थशास्त्र त्याच्याभोवती बरीच वर्षं फिरत राहिलं. त्यांचं म्हणणं साधं होतं. गरीब देशात दोन अर्थव्यवस्था शेजारी शेजारी असतात, एक नफ्यासाठी चालणारी, जिथं मालक माणूस तेव्हाच ठेवतो जेव्हा तो पगारापेक्षा जास्त कमवून देतो, आणि दुसरी घरची, जिथं माणूस कमी कमावतो म्हणून कुणी त्याला काढून टाकत नाही, आहे ते वाटून खातात. मग पहिलीनं दुसरीतला माणूस ओढायचा तर द्यायचं किती? पाच हजार नाही, कारण घरी त्याला तीस हजारांचा वाटा मिळतोच आहे. तीस हजारांच्या वर काहीतरी पाहिजे. लुईस म्हणाले साधारण तीस टक्के वर, कधी त्याहून जास्त, म्हणजे आपल्या पोराला एकोणचाळीस हजार. तुम्ही म्हणाल पुण्यात तर वर्षाला याच्या तिप्पट सहज पडतात, बरोबर आहे, पण मग त्यातून खोलीभाडं काढा, खानावळ काढा, गावाला यायचं जायचं काढा आणि महिन्यातले काम न लागलेले दिवसही काढा, मग बघा किती उरतं.

आणि खरी गंमत पुढं आहे. जोवर गावात अशी जास्तीची माणसं आहेत तोवर कारखानदाराला पगार वाढवायची गरजच नाही, त्याच दरात हवी तेवढी माणसं येत राहतात, नफा वाढतो, तो नफा परत नव्या यंत्रात घातला की आणखी माणसं लागतात, असं चक्र चालू राहतं. कधी थांबतं? जेव्हा गावात जास्तीचं कुणी उरत नाही. आपल्या घराकडं बघा, धाकटा गेल्यावर उत्पन्न राहिलं एक लाख पंचेचाळीस हजार आणि वाटेकरी चार, म्हणजे माणशी छत्तीस हजारांच्या वर. आता थोरल्याला बाहेर काढायचं तर जुना दर चालणार नाही. शहराची मजुरी वाढायला लागते ती अशी, खेड्यातल्या ताटापासून.

चीनमध्ये हे झालेलं दिसतं. २००४ च्या सुमारास दक्षिणेतल्या ग्वांगडोंग प्रांतात, जिथं गावाकडून लाखो पोरं-पोरी खेळणी, कपडे, बूट बनवायला येत होत्या, तिथल्या कारखान्यांना माणसं मिळेनाशी झाली, आणि त्यानंतरची काही वर्षं मजुरी झपाट्यानं वाढत गेली. सगळेच अभ्यासक याला लुईसचा टप्पा म्हणत नाहीत, कारण तिकडं गावाकडच्या माणसाला शहरात कायमचं राहण्यावर बंधनं आहेत, त्यामुळं माणसं संपली होती की अडवलेली होती हा वाद आहेच.

वाद तर मूळ गोष्टीवरही झाला, आणि तो आपल्याच देशावरून झाला. अमेरिकन अर्थतज्ज्ञ थिओडोर शुल्ट्झ म्हणाले, शेतीत फुकटची माणसं वगैरे काही नसतात. पुरावा काय, तर १९१८ ची इन्फ्लुएन्झाची साथ. भारतात कोटीच्या वर माणसं गेली, आणि नंतर बघितलं तर पेऱ्याखालचं क्षेत्रही घटलेलं. माणसं जास्तीची असती तर क्षेत्र कशाला घटलं असतं? अमर्त्य सेन यांनी यावर हरकत घेतली. साथीत माणसं मरणं आणि घरातलं एक माणूस कामासाठी बाहेर पडणं या दोन गोष्टी एक नाहीत, साथीत एखादं घर अख्खंच बसलं तर ती जमीन लगेच कोण पेरणार? शिवाय त्यांनी माणूस आणि तास यांत फरक केला, तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. शेतातला एक तास कधीच फुकट नसतो, पण एक माणूस गेला की बाकीचे आपले तास वाढवतात आणि त्याचं काम भरून काढतात, म्हणून माणूस जास्तीचा ठरतो. आता गमतीचा भाग असा की १९७९ चं नोबेल लुईस आणि शुल्ट्झ दोघांना मिळून दिलं गेलं. भांडणाऱ्या दोघांना एकाच मांडवात बसवलं म्हणा ना.

पण तासांचा हिशोब महिन्यांत मांडला की आपल्याकडचं चित्र आणखी वेगळं दिसतं. सोयाबीन काढणीला, कापूस वेचणीला बघा, माणूस मिळत नाही, एकराचं गुत्तं द्यावं लागतं, टोळी बाहेरून आणावी लागते. आणि फेब्रुवारीनंतर कोरडवाहू शिवारात जाऊन बघा, काय काम असतं? म्हणजे पाच माणसं वर्षभर जास्त नाहीत, वर्षातले सहा-सात महिने जास्त आहेत. म्हणून तर बीडकडचे लोक दिवाळीच्या पुढंमागं ऊसतोडीला निघतात, मुकादमाकडून उचल घेऊन, नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि हंगाम संपून पट्टा पडला की परत पेरणीला घरी. गाव सुटत नाही, कारण सुटलं तर खरिपाचा वाटाही जातो. बारमाही चालणारा कारखाना असा माणूस सहा महिन्यांसाठी सहसा ठेवणार नाही आणि हा माणूस बारा महिन्यांची खात्री असल्याशिवाय शेत सोडणार नाही.

मग भारतात वाढ झाली तेव्हा माणसं गेली कुठं? २००४-०५ ते २०११-१२ या काळात पहिल्यांदाच शेतीतल्या माणसांचा नुसता टक्का नाही, खरी संख्या घटली, काही कोटींनी. त्यांना घेतलं कुणी, तर सगळ्यात जास्त बांधकामानं. त्या सात वर्षांत बांधकामावरची माणसं जवळपास दुप्पट झाली. गावाकडची मजुरीही त्याच सुमारास महागाईच्या वर चढली, रोजगार हमीचाही त्यात हात होता, पण स्लॅब भरायला माणूस लागतोय हे मुख्य. कारखान्यांनी मात्र फारशी माणसं घेतली नाहीत, आणि घेतली त्यांतही कंत्राटदारामार्फत घेण्याकडे कल वाढत गेला, आजघडीला नोंदणीकृत कारखान्यांत दहातले चार कामगार कंत्राटी आहेत.

इथं लुईसच्या गणितात एक अडचण येते, आणि खरं सांगायचं तर ती त्यांनी स्वतःच नोंदवली होती, शहरातला हमाल, फेरीवाला, बॅग उचलू का म्हणून पुढं धावणारा पोरगा, हे सगळे त्यांनी जास्तीच्याच माणसांत धरले होते. पुण्यातला कुठलाही मजूर अड्डा सकाळी आठला बघा. पन्नास माणसं उभी, ठेकेदार येऊन तीस घेऊन जाणार. उद्या गावाकडून आणखी दहा आली तर काम तीसचंच राहील, साठ जणांत वाटलं जाईल, प्रत्येकाचे महिन्याचे दिवस कमी होतील. भाजीची गाडी तशीच, रिक्षा तशीच, एका चौकात तिसरी पानटपरी पडली म्हणून पान खाणारे वाढत नाहीत. शेतात वाटून खायचे, इथंही वाटूनच खातात. आकडेवारीत तो माणूस शेतीतून सेवाक्षेत्रात गेला, प्रगती झाली, पण छुपी बेकारी तशीच, फक्त शिवारातून नाक्यावर आली.

म्हणून फक्त शेतीतला टक्का घटला की माणसं सामावली असं मानायला मी तयार नाही. गेलेला माणूस टिकतो का हे बघावं लागतं. २०१८-१९ ला देशातले साडेबेचाळीस टक्के कामकरी शेतीत होते, कोरोनाच्या वर्षात ते साडेशेहेचाळीसवर गेले, ठीक आहे, रस्त्यानं चालत गावी गेले सगळे, पण २०२३-२४ लाही आकडा शेहेचाळीसच्या आसपासच होता. शहरं उघडली, माणसं पूर्ण परतली नाहीत. आणि या वाढीत मोठा वाटा बायकांचा आहे, घरच्याच शेतात, बिनपगारी. खेड्यातल्या काम करणाऱ्या चार बायकांतल्या तीन आज शेतीत आहेत.

मजुरी हा त्याहून चांगला पुरावा, पण त्याचेही दोन अर्थ निघतात. समजा तुमच्याकडं काढणीचं गुत्तं दरवर्षी चढतंय, माणूस मिळत नाही अशी ओरड आहे. मग माणसं संपली का? सप्टेंबर-ऑक्टोबरातली संपली असतील, मार्चमधलं विचारा. मार्च-एप्रिलची हजेरीही महागाईच्या पुढं चढत असेल, सलग तीनचार वर्षं, तर मी म्हणेन खरंच माणसं सामावली जातायत. नुसत्या काढणीच्या दरावरून ठरवलं तर फसगत होते, कारण शेतकरी तोवर दुसरी वाट धरतो. दर चढला की खुरपणीऐवजी तणनाशक मारतो, काढणीला हार्वेस्टर बोलावतो, त्याचं चुकतं असंही नाही, त्याला परवडत नाही. पण खुरपणी हे जवळजवळ पूर्ण बायकांचं काम, आषाढ-श्रावणातली हक्काची मजुरी, ती गेली. पुरुष निदान नाक्यावर जाऊन उभा राहतो, पोरंबाळं आणि म्हशी सोडून तिला कुठं जाता येतं? गड्यांची टंचाई आणि बायकांच्या हाताला काम नाही, या दोन्ही गोष्टी आज एकाच गावात, कधीकधी एकाच घरात सापडतात.