डोळे आले तर थेंब कधी घालायचे?

(बालवाडीच्या पालकसभेत एका नेत्रतज्ज्ञाने केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

डोळे आलेल्या माणसाकडे नुसतं पाहिलं म्हणून कुणाचे डोळे येत नाहीत, हे आधी सांगून टाकतो. नाहीतर माझं पुढचं बोलणं तुम्ही गॉगलच्या विचारातच ऐकाल. गॉगलनं उजेडाचा त्रास कमी होतो, लागण थांबत नाही. २०२३ च्या जुलैत आळंदीच्या मुलांमध्ये साथ सुरू झाली आणि पुढे राज्यभर पसरली, तेव्हा गॉगल पुष्कळ खपले. पण लागण बोटांवरून होत होती. मूल डोळा चोळतं, त्याच हातानं खेळणं धरतं, ते खेळणं दुसरं मूल हातात घेतं आणि आपला डोळा चोळतं. दोन-तीन वर्षांच्या मुलाला ‘डोळ्याला हात लावू नकोस’ असं सांगून काही उपयोग नसतो, म्हणून सगळी काळजी मोठ्यांनाच घ्यावी लागते.

घरात एक वस्तू अशी असते की जिच्यावर कुणाला संशयच येत नाही: आईचा किंवा आजीचा पदर. धाकट्याचा डोळा पुसला, मग थोरलीचं नाक, मग स्वतःचं तोंड. ओढणीचं आणि खांद्यावरच्या टॉवेलचंही तेच. ही सवय तेवढी आठ-दहा दिवस बंद ठेवली तरी घरातले निम्मे डोळे वाचतील असं माझं मत आहे. काजळाची डबी आणि ती लावणारं बोट हेही त्यातच आलं.

आता एक घर डोळ्यांसमोर आणा. अडीच वर्षांचा मुलगा दोन दिवस सर्दीनं बेजार आहे. तिसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही डोळे चिपडानं चिकटलेले, उघडता येईनात, म्हणून तो रडतोय. डोळे ओले करून सोडवले तर बुबुळाभोवतीचा पांढरा भाग लालसर दिसतो, कडेला पिवळा घट्ट पू आहे. पण ताप नाही, पोरगा पोहे खातोय, खिडकीच्या उजेडाकडे तोंड करून खेळतोय. मोठ्या बहिणीचा एक डोळा कालपासून लाल आहे, त्यातून पाणी येतंय, पू नाही.

दोघांचं दुखणं एकच दिसतं, पण बहुधा ते वेगळं आहे. बहिणीचं विषाणूचं असावं: पातळ पाणी, आधी एक डोळा आणि एक-दोन दिवसांनी दुसरा, कधी कानापुढे छोटी गाठ. मुलाचं जिवाणूचं असण्याची शक्यता जास्त, कारण लहान मुलांमध्ये असा दाट पू बहुतेकदा जिवाणूंमुळेच येतो. नुसतं बघून खात्री मात्र आम्हालाही देता येत नाही. डोळे लाल आहेत पण मूल सारखं खाजवतंय, शिंकतंय, पू नाही, तर ती ॲलर्जी असू शकते आणि ती पसरत नाही.

पहिलं काम म्हणजे सफाई. पाणी उकळून कोमट होऊ द्या. आधी साबणानं हात धुवा. कापसाचा बोळा त्या पाण्यात बुडवा, जरा पिळा आणि मिटलेल्या पापण्यांवर मिनिटभर नुसता ठेवून द्या. सुकलेलं चिपड मऊ पडतं. ओढून काढलं तर पापणीचे केस निघतात आणि पुढच्या वेळी पोर जवळ येत नाही. मग नाकाच्या बाजूकडून कानाकडे, एकदाच पुसा. बोळा फेका. पुन्हा पुसायचं असेल तर नवा बोळा, दुसऱ्या डोळ्याला आणखी वेगळा. सगळं झालं की परत हात धुवा. पू येईल तितक्या वेळा हे करा. पहिले दोन दिवस तासा-दोन तासांनी करावं लागतं. मीठ घालू नका. मध, गुलाबपाणी, आईचं दूध, तूप, यातलं काहीही डोळ्यात नको. आजींचा राग ओढवून घेऊनच हे मी दरवेळी सांगतो.

थेंब कधी? विषाणूच्या डोळ्यांवर जंतुनाशक थेंबांचा उपयोग होत नाही. ते दुखणं पहिले चार-पाच दिवस वाढतंच आणि आठवडा-दोन आठवड्यांत आपलं आपण जातं. बहिणीला सफाई पुरे. जिवाणूंचं दुखणंही पुष्कळदा आठवड्याभरात आपोआप बरं होतं, पण थेंबांनी ते लवकर आवरतं. म्हणून पुसल्यावर तासाभरात पुन्हा घट्ट पू येत असेल, पापण्या सुजल्या असतील, किंवा दोन-तीन दिवस सफाई करूनही उतार नसेल, तर डॉक्टर थेंब किंवा मलम देतात. आपल्या उदाहरणातल्या मुलाचा पू असाच येत राहिला तर त्याला ते द्यावे लागतील.

त्याला थेंब घालायचे कसे, हा खरा प्रश्न. जबरदस्तीनं पापणी उघडू नका. उताणं झोपवा, डोळे मिटूनच राहू द्या आणि नाकाजवळच्या कोपऱ्यात एक थेंब टाका. डोळा उघडला की तो आत जातो. एकच पुरे, दुसरा गालावर ओघळतो. बाटलीचं टोक पापणीला लागता कामा नये. दोन दिवसांत डोळा साफ दिसला तरी सांगितलेले दिवस पुरे करा, आणि ती बाटली बहिणीला वापरू नका.

आणि बाटली निवडताना डोळे उघडे ठेवा. औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेल्या किंवा शेजाऱ्यांकडून मिळालेल्या बाटलीत जंतुनाशकाबरोबर स्टेरॉइड असू शकतं. लेबलवर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन अशी नावं दिसली तर ती नेत्रतज्ज्ञांनी लिहून दिल्याशिवाय घालायची नाहीत. लाली झटकन उतरते, आई खूश होते. पण दुखणं नागिणीच्या जातीतल्या विषाणूचं असेल तर ते बुबुळात पसरतं आणि फूल पडू शकतं. जास्त दिवस घातलं तर डोळ्यातला दाबही वाढतो.

याच मुलाला चौथ्या दिवशी ताप आला आणि तो कान ओढू लागला, असं समजा. ज्या जिवाणूनं डोळा आला तोच पुष्कळदा कानातही शिरतो. तेव्हा नुसत्या थेंबांनी भागत नाही. बालरोगतज्ज्ञांना कान दाखवा, कारण तोंडानं औषध लागू शकतं.

काही वेळा मात्र सफाई करत घरी थांबायचं नाही. एक महिन्याच्या आतल्या बाळाचे डोळे पुवानं भरले तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. जन्माच्या वेळी लागलेला संसर्ग दृष्टी घेऊ शकतो. कुठल्याही वयाचं मूल उजेडात डोळा उघडतच नसेल, बुबुळावर पांढुरका ठिपका दिसत असेल, पापणीवर फोड आले असतील, किंवा तापाबरोबर डोळ्याभोवती इतकी सूज असेल की डोळा बंदच झालाय, तर लगेच. लाल डोळे, खोकला, ताप आणि मग अंगावर पुरळ, हे गोवर असू शकतं, तेव्हाही थांबू नका. वर्षाच्या आतल्या बाळाचा एकच डोळा जन्मापासून सारखा पाणावतो, पण लाल नाही, तर बहुधा अश्रूंची नळी बंद असते. ते वेगळं दुखणं आहे आणि कुणाला लागत नाही.

राहिली बालवाडी. पू वाहतोय तोवर मूल घरीच ठेवा. विषाणूच्या दुखण्यात डोळ्यातून पाणी येणं थांबेपर्यंत. ताई, तुमच्याकडे मुलं हात पुसतात तो एकच नॅपकिन आजपासून काढून टाका. हॅण्ड सॅनिटायझर या विषाणूंपुढे कमी पडतं, साबण आणि पाणी चांगलं. कापडी खेळणी गरम पाण्यात धुवा, प्लॅस्टिकची साबणानं. घरी उशीचा अभ्रा रोज बदला, आणि टॉवेल प्रत्येकाचा वेगळा, वेगळ्या खुंटीवर.