जुनं काय गेलं, ते आधी सांगा

मंडळी, हर्णै बंदरावर मासळी विकणाऱ्या आमच्या शेजारच्या मावशींनी परवा फोन पुढे केला. "रिचार्ज एकशेनव्याण्णवचाच मारला, मग महिना व्हायच्या आत बंद कसा पडला रे?" कंपनीचा मेसेज फोनमध्ये होताच:

"प्रिय ग्राहक, आपला अनुभव अधिक समृद्ध करण्यासाठी १५ तारखेपासून आपला आवडता ₹१९९चा प्लॅन नव्या रूपात येत आहे. अमर्यादित कॉल, रोज १ जीबी डेटा आणि मनोरंजन अ‍ॅपचा आनंद घ्या. वैधता २२ दिवस. अटी लागू."

यात खोटं काही नाही. पण आधी २८ दिवस मिळत होते, रोज दीड जीबी डेटा आणि १०० एसएमएस होते, याचा उल्लेखच नाही. जुना आकडा शेजारी नसला तर काय घटलं ते कळणार कसं? त्यातून मेसेज आला की पडद्यावर सुरुवातीच्या दोनेक ओळीच दिसतात, आणि त्या 'समृद्ध अनुभवा'तच संपल्या.

किंमत तीच, म्हणून दरवाढ नाही असं वाटतं. भागाकार करून बघा. २८ दिवसांत दिवसाला ७ रुपये ११ पैसे पडत होते, २२ दिवसांत ९ रुपये ५ पैसे पडतात. म्हणजे सुमारे २७ टक्के वाढ. डेटा तर एका रिचार्जमागे ४२ जीबीवरून २२ वर आला. एसएमएस गेल्याचं नुकसान फोन बदलताना कळतं: यूपीआय नव्या फोनवर सुरू करताना आपल्या सिममधून एक एसएमएस जावा लागतो. पॅकमध्ये एसएमएस नाहीत आणि शिल्लकही नाही, तर काम तिथेच अडतं.

मी तोच मेसेज असा लिहिला:

"१५ तारखेपासून ₹१९९चा रिचार्ज २८ऐवजी २२ दिवस चालेल. दिवसाचा खर्च ₹७.११ होता, आता ₹९.०५. रोजचा डेटा दीड जीबी होता, आता १ जीबी. रोजचे १०० एसएमएस बंद. यापुढे प्रत्येक एसएमएसचे पैसे शिलकीतून कापले जातील. नवीन: मनोरंजन अ‍ॅप. चालू रिचार्ज संपेपर्यंत जुनंच सगळं मिळेल."

'चालू रिचार्ज'चं वाक्य मी कस्टमर केअरला विचारून घातलं, मूळ मेसेजमध्ये ते नव्हतंच. आणि 'बंद' हा शब्द मुद्दाम ठेवला. 'नव्या रूपात' वाचून कुणाला कळेल की काही गेलं?

आणखी एक ओळ मी जोडली असती: दर महिन्याला त्याच तारखेला संपणारा प्लॅन कोणता, ती. दूरसंचार कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या ट्रायने २०२२च्या जानेवारीत प्रत्येक कंपनीला असा निदान एक प्लॅन ठेवायला सांगितलं आहे. मावशींना तो हवा होता. २२ दिवसांचा हिशेब त्यांच्या लक्षात राहत नाही, पण महिन्याची पाच तारीख राहते.