नवीन शाखेचे प्रवेश आणि आमच्या तात्यांचा बर्थडे

नमस्कार मंडळी, सकाळची गडबड चालूच असेल, डबे भरता भरता ऐका, हात थांबवायची गरज नाही, फक्त तारखा आल्या की कान इकडं द्या. मी शाळेच्या ऑफिसात बसते, अकरा वर्षं झाली, प्रवेशाचे फॉर्म माझ्याच टेबलावरनं जातात, म्हणून सरांनी सांगितलं की बाई रेडिओवर तुम्हीच बोला.

तर बातमी अशी की स्टँडमागच्या आपल्या शाळेची नवीन शाखा सुरू होतीय. पंढरपूरहून सांगोल्याकडं जायला लागलं की पेट्रोल पंप सोडल्यावर डाव्या हाताला पिवळी बैठी इमारत दिसते ना, तीच. नर्सरी, छोटा गट, मोठा गट, पहिली आणि दुसरी, एवढेच वर्ग. प्रत्येक वर्गाची एकच तुकडी, बालवर्गाला पंचवीस मुलं आणि पहिली-दुसरीला तीस. एकतिसावं मूल घेणार नाही, आमदारांचं पत्र आणलं तरी नाही, हे आधीच सांगते म्हणजे नंतर माझ्या टेबलाजवळ वाद नको.

तारखा आता सांगते, शेवटी परत सांगीन. फॉर्म मिळणार ६ एप्रिल २०२६, सोमवारपासून. भरून द्यायची शेवटची तारीख २५ एप्रिल, शनिवार, दुपारी दीडपर्यंत. फॉर्म जागांपेक्षा जास्त आले तर ३० एप्रिलला गुरुवारी सकाळी अकरा वाजता सगळ्यांसमोर चिठ्ठ्या काढणार. मुलाची परीक्षा नाही, मुलाखत नाही, आईबापाची पण नाही. आरटीई कायद्यात प्रवेशासाठी अशी चाळणी लावायला बंदी आहे, पहिल्या वेळी सापडलं तर पंचवीस हजारापर्यंत दंड आहे. तरी लोक पोराला एबीसीडी घोकवून आणतात, ते बिचारं माझ्या टेबलासमोर घाम पुसत उभं असतं, नका हो करू.

आता वय. इथंच सगळ्यात जास्त गाडी अडकते. नर्सरीला ३१ डिसेंबर २०२६ ला तीन वर्षं पूर्ण पाहिजेत, म्हणजे जन्म ३१ डिसेंबर २०२३ किंवा त्याच्या आधीचा. पहिलीला सहा पूर्ण, म्हणजे जन्म ३१ डिसेंबर २०२० किंवा आधी. मागच्या आठवड्यात एक ताई आल्या, मुलगी २ जानेवारी २०२४ ची. दोनच दिवसांचा प्रश्न आहे मॅडम, तुम्ही पेन फिरवा की जरा. म्हटलं ताई, पेन फिरवल्यावर काय होतं ते माझ्या घरात बघितलंय मी, बसा, सांगते. आता त्यांना सांगितलं तर तुम्हालाही सांगतेच.

माझे वडील, म्हणजे तात्या, आणि त्यांचा धाकटा भाऊ अप्पा. तात्या १९५४ च्या दिवाळीतले, अप्पा १९५६ च्या माघातले. तारीख कुणाला माहीत, आजी सांगायची की थोरला फराळाच्या दिवसात झाला आणि धाकट्याच्या वेळी विहिरीला पाणी लागलं. १९६१ च्या जूनमध्ये आजोबा दोघांना एकाच दिवशी शाळेत घेऊन गेले, एका खेपेत काम उरकावं म्हणून. दाखले बिखले काही नाही. गुरुजी वय कसं मोजायचे, आपल्या घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा, उजवा हात डोक्यावरनं पलीकडं न्यायचा आणि डावा कान धरायचा. बोटं कानाला लागली की पोरगं सहा वर्षांचं, नाही लागली की अजून लहान.

आता अप्पा होते लांब हातापायाचे, आजोबांवर गेलेले. हात टाकला आणि कानाची पाळी धरूनच उभे राहिले. तात्या बुटके, डोकं मोठं, मान वाकडी केली, टाचा वर केल्या (टाचा वर करून काय उपयोग, पण केल्या), बोटं काही कानाला टेकेनात. आजोबा म्हणाले गुरुजी, हा थोरला आहे. गुरुजी म्हणाले पाटील, कान काय खोटं बोलतो का. आणि लिहिलं, अप्पांची जन्मतारीख १ जून १९५५ आणि तात्यांची १ जून १९५६. एक जूनच का, तर शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, हिशोबाला सोपं. म्हणून तर त्या पिढीतल्या निम्म्या गावाचा वाढदिवस एक जूनला येतो आणि व्हॉट्सॲपवर दिवसभर केकच केक.

झालं, अप्पा पहिलीत बसले आणि थोरले तात्या बिगरीत. पुढं सातवीपर्यंत थोरल्या भावानं धाकट्याची जुनी पुस्तकं वापरली. पुस्तकात अप्पांनी राजांना मिशा काढून ठेवलेल्या असायच्या, तात्या म्हणतात शिवाजी महाराज सोडले तर मी एकाचाही खरा चेहरा बघितला नाही. घरात तात्या दादा आणि शाळेत अप्पा एक वर्ग पुढं, भांडण झालं की गुरुजी म्हणायचे वरच्या वर्गातल्याचं ऐकावं.

खरी मजा पुढं आहे. तात्या झेडपीत क्लार्क झाले, अप्पा एसटीत कंडक्टर. दोन्हीकडं रिटायरमेंट अठ्ठावन्नला, आणि महिन्याच्या एक तारखेला जन्म असला की आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी माणूस घरी. म्हणजे अप्पा ३१ मे २०१३ ला रिटायर झाले. हार, शाल, श्रीफळ, घरी जेवण. आजी तेव्हा होती, ती पंगतीत सगळ्यांना सांगत फिरत होती की माझा धाकटा म्हातारा झाला आणि थोरला अजून नोकरीला जातोय. तात्या पुढं वर्षभर डबा घेऊन ऑफिसला, पगार घेतला पूर्ण. अप्पांनी त्या रात्री हिशोब मांडला, वहीच्या मागच्या पानावर, की खरी तारीख लागली असती तर आपण २०१४ च्या फेब्रुवारीपर्यंत नोकरीत असतो, म्हणजे नऊ महिन्यांचा पगार एका कानानं खाल्ला. मग दुरुस्तीला पळाले. पण सरकारी कारभारात जन्मतारीख बदलायची तर नोकरी लागल्यापासून पाच वर्षांच्या आत अर्ज द्यावा लागतो, रिटायर झाल्यावर कोण विचारतंय. तात्यांनी स्वतःची बदलायचा विषयच कधी काढला नाही, का ते तुम्हाला कळलंच असेल. आजही दिवाळीला अप्पा आले की पहिला शब्द, काय थोरले, माझे नऊ महिने कधी देताय. आणि तात्या हात डोक्यावरनं नेऊन कान धरून दाखवतात, आता लागतो.

ती ताई हसली, पण लेकीला पुढच्या वर्षीच आणते म्हणाली.

तर कागद कुठले ते ऐका. जन्मदाखला, नगरपरिषदेचा किंवा ग्रामपंचायतीचा. मुलाचं आधार, आईवडिलांचं आधार, दोन फोटो. दुसरीला येणाऱ्यानं आधीच्या शाळेचा दाखला, तो मिळायला उशीर होत असेल तरी फॉर्म भरा, त्यासाठी प्रवेश अडवत नाही. पहिलीसाठी जन्मदाखलाच नसेल तर दवाखान्याची नोंद, अंगणवाडीची नोंद, तेही नसेल तर पालकांनी लिहून दिलेलं चालतं. आणि एक महत्त्वाचं, जन्मदाखल्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव एकच आहे का ते आज संध्याकाळी दोन्ही कागद शेजारी ठेवून बघा. एकावर आरोही आणि दुसऱ्यावर आरुही, एकावर वडिलांचं नाव आणि दुसऱ्यावर नुसतं आडनाव, असं दर वर्षी दहाबारा जणांचं निघतं, मग सरकारी ऑनलाइन नोंदीत मूल अडकतं. फॉर्म भरायच्या आधी आधार दुरुस्त करा, नंतर रांग मोठी असते.

दुसरी गोष्ट, लोक विचारतात ही शाखा म्हणजे जुन्याच शाळेचा वर्ग का. नाही. नाव एक असलं, संस्था एक असली तरी कायद्यानं ही वेगळी शाळा. वेगळी परवानगी, वेगळा यूडायस नंबर, अकरा आकडी, आपल्या राज्याचा असला की २७ नं सुरू होतो. दोन्ही मिळालेत, कागद ऑफिसच्या दाराला लावलाय, येऊन वाचा. कुठल्याही नव्या शाखेत हा नंबर मागा, जुन्या शाळेचाच दाखवला तर समजा की तुमचं मूल बसणार इथं आणि दाखला निघणार तिथला.

फी. बालवर्गाला वर्षाची चौदा हजार, पहिली-दुसरीला अठरा हजार. तीन हप्ते, पहिला १५ मेपर्यंत. डोनेशन नाही, फॉर्मचे पन्नास रुपये, पावती मागून घ्या. पुस्तकं आणि गणवेश यात नाहीत, गणवेश कुठल्याही दुकानातनं घ्या, शाळेत दुकान मांडलेलं नाही. बस पाच किलोमीटरपर्यंत महिन्याला सातशे, दहा महिने, बसमध्ये बाई असते. आषाढीच्या आठवड्यात बस बंद, रस्तेच बंद असतात, तुम्हाला माहितीये. आरटीईतनं मोफत जागा पाहिजे असेल तर तो अर्ज माझ्याकडं मिळत नाही, तो सरकारी पोर्टलवर, त्याची सोडतही सरकारच काढतं.

इमारतीत सहा खोल्या, सगळ्या तळमजल्यावर, दाराला रॅम्प. बोअरचं पाणी फिल्टर करून, मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहं, पंख्यांना इन्व्हर्टर, आठ कॅमेरे. मैदान अजून तयार नाही, शेजारची जागा सपाट करायचं काम चालू आहे, यंदा पावसाळा संपेपर्यंत मुलं अंगणातच खेळणार. कॉम्प्युटर लॅब नाही. आणि हो, मोठ्या गटाला मे महिन्यात काळा गाऊन आणि चौकोनी टोपी घालून पदवीदान वगैरे आम्ही करत नाही, पंढरपूरच्या मे महिन्यात त्या गाऊनमध्ये पोरगं शिजून निघतं, फोटोपुरतं सुद्धा नाही. सर म्हणतात हे रेडिओवर बोलू नका, पण बोलले आता.

परत एकदा तारखा. फॉर्म ६ एप्रिलपासून, सकाळी दहा ते दुपारी दीड, जुन्या शाळेच्या ऑफिसात, नव्या इमारतीत नाही, तिथं अजून रंग ओला आहे. शेवटची तारीख २५ एप्रिल, शनिवार, दुपारी दीड. चिठ्ठ्या ३० एप्रिल, सकाळी अकरा. पहिला हप्ता १५ मेपर्यंत. शाळा १५ जूनला, सोमवारी. येताना कागदांचे मूळ आणि एकेक झेरॉक्स आणा, समोरचं झेरॉक्सचं दुकान बाराला जेवायला बंद होतं. चला, नमस्कार.